पाणी तोलून पिपेट तपासायची: २८ अंशाच्या खोलीतलं कॅलिब्रेशन

२८ अंश सेल्सिअसचं शुद्ध पाणी बरोबर २५ मिली मोजून बॅलन्सवर ठेवलं, तर आकडा २५ ग्रॅम येत नाही. तो २४.८८ च्या आसपास येतो. बीएस्सी होऊन वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात क्यूसीला लागलेली मुलं पहिल्यांदा हा आकडा पाहतात तेव्हा आधी बॅलन्सवर संशय घेतात, मग पिपेटवर. खरं तर दोन्ही ठीक असतात. '१ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम' हे शाळेतलं गणित ४ अंशाच्या पाण्याचं, तेही जवळजवळ; गोव्यात तेवढं थंड पाणी फ्रिजमध्येच मिळतं.

काचेची मापं पाणी तोलून तपासायची पद्धत सगळ्या भांड्यांना सारखीच आहे. पण सुरुवात २५ मिलीच्या एकरेघी पिपेटपासून करावी असं माझं मत आहे. ती हाताशी असते, तिच्यात चुका लपत नाहीत आणि तिच्यावर हात बसला की फ्लास्क सोपा वाटतो. म्हणून इथे तीच घेऊ: क्लास ए, बोरोसिलिकेट काच, मुभा ±०.०३ मिली. म्हणजे खरं माप २४.९७ ते २५.०३ च्या मधे असायला हवं. ०.०३ मिली म्हणजे साधारण एक लहान थेंब. आपल्याला त्या थेंबाच्याही आतलं पाहायचं आहे.

आधी काचेवर काय लिहिलंय ते वाचा

पिपेटच्या फुगीर भागावर चार गोष्टी छापलेल्या असतात: आकारमान, वर्ग, तापमान आणि 'Ex' किंवा 'TD'. 'Ex' म्हणजे पिपेटमधून बाहेर पडणारं पाणी मोजायचं. आतल्या भिंतीला चिकटून राहिलेला पापुद्रा आणि टोकात अडकलेला थेंब बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेला आहे. म्हणून शेवटचा थेंब फुंकायचा नाही. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर 'In' किंवा 'TC' असतं. तिथे आत मावलेलं पाणी मोजायचं.

तापमानाचा आकडा २० असेल किंवा २७. आपल्याकडच्या भारतीय मानकांप्रमाणे बनलेल्या काचेवर पुष्कळदा २७ असतो, बाहेरून आलेल्या काचेवर २०. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. त्याला वाटतं, २० अंशाची पिपेट गोव्यात वापरली म्हणजे माप पार चुकणार. प्रत्यक्षात बोरोसिलिकेट काच एका अंशाला दर लाखात जेमतेम एक भाग फुगते. ७ अंशांच्या फरकाने २५ मिलीमध्ये ०.००१७ मिलीचा फरक पडतो, म्हणजे मुभेच्या सतराव्या हिश्श्याएवढा. आकडा नोंदवा, हिशेबात धरा, पण त्याची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती पाण्याच्या तापमानाची.

तीन दुरुस्त्या, आणि त्यांच्यात थोरली कोण

२८ अंशाला आपल्या २५ मिलीवर तीन गोष्टींचा परिणाम होतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी पाण्याची घनता. २८ अंशाला पाण्याची घनता ०.९९६२४ ग्रॅम प्रति मिली असते. वजनाच्या आकड्यालाच आकारमान मानलं तर एवढ्याने २५ मिलीमागे ०.०९४ मिलीची चूक होते. मुभा ०.०३, आणि चूक तिच्या तिप्पट.

दुसरी हवेची उचल. बॅलन्सच्या पेटीतही हवा आहे आणि तीत ठेवलेली प्रत्येक वस्तू आपल्या आकारमानाएवढ्या हवेचा धक्का वरच्या बाजूला खाते. २५ मिली पाणी २५ मिली हवा बाजूला सारतं. तिचं वजन साधारण २९ मिलिग्रॅम. पण बॅलन्स जुळवलेला असतो पोलादी वजनांनी. तेवढ्याच वजनाचं पोलाद फक्त ३ मिलीच्या थोडं वर जागा घेतं, म्हणून त्याला उचल मिळते ३.६ मिलिग्रॅमची. या दोहोंतला फरक, २५ मिलिग्रॅम, पाणी हलकं दाखवतो. म्हणजे आणखी ०.०२५ मिली. ही दुरुस्ती पुष्कळ जण विसरतात आणि मग चांगली पिपेट मुभेच्या काठावर किंवा काठाबाहेर जाऊन बसते. घनतेची दुरुस्ती केली म्हणजे काम झालं, असं नाही.

तिसरी काचेच्या प्रसरणाची. २० अंशाची पिपेट २८ ला वापरताना २५ मिलीमागे ०.००२ मिली. ती उलट्या दिशेची आहे: गरम काच किंचित मोठी झालेली असते, म्हणून २० अंशाचं माप काढताना तेवढं वजा करायचं.

या तिन्ही एकाच सूत्रात येतात. आयएसओ ४७८७ या मानकातलं सूत्र हेच आहे:

```
V20 = (m2 - m1) × [1/(ρw - ρa)] × [1 - ρa/ρb] × [1 - γ(t - 20)]
```

m2 आणि m1 ही भरल्यानंतरची आणि भरण्याआधीची वजनं. ρw पाण्याची घनता, ρa हवेची, ρb बॅलन्सच्या वजनांची (८.० ग्रॅम प्रति मिली धरतात). γ काचेचा प्रसरणांक, बोरोसिलिकेटला ०.०००००९९ दर अंशाला, साध्या सोडा काचेला ०.००००२७. t हे पाण्याचं तापमान. काचेवर २७ लिहिलेलं असेल तर शेवटच्या कंसात २० च्या जागी २७ घाला, बस्स.

हवेची घनता पुस्तकांत ०.००१२ दिलेली असते. समुद्रकाठची दमट, उबदार हवा याहून थोडी हलकी असते. २८ अंश, ७० टक्के आर्द्रता आणि १०१० हेक्टोपास्कल दाबाला ती ०.००११६ येते. ०.००१२ धरलं तरी २५ मिलीमध्ये फक्त ०.००१ मिलीचा फरक पडतो, त्यामुळे कुणी तसं धरलं तर वाद घालू नये. मात्र एकदा जे धरलं ते सगळ्या नोंदींत तेच ठेवावं.

रोज सूत्र मांडत बसण्यापेक्षा वजनाला गुणायचा एकच गुणक काढून भिंतीवर लावावा. खालचा तक्ता बोरोसिलिकेट काच, २० अंशाची खूण आणि ०.००११६ ही हवेची घनता धरून काढला आहे.

| पाण्याचं तापमान (°से.) | पाण्याची घनता (ग्रॅम/मिली) | गुणक |
|---|---|---|
| २५ | ०.९९७०५ | १.००३९३ |
| २६ | ०.९९६७९ | १.००४१९ |
| २७ | ०.९९६५२ | १.००४४५ |
| २८ | ०.९९६२४ | १.००४७२ |
| २९ | ०.९९५९५ | १.००५०० |
| ३० | ०.९९५६५ | १.००५३० |
| ३१ | ०.९९५३४ | १.००५६० |

मधलं तापमान आलं तर दोन ओळींमधला फरक वाटून घ्यायचा. २८.४ असेल तर २८ आणि २९ मधला फरक ०.०००२८; त्याचा ०.४ हिस्सा ०.०००११, गुणक १.००४८३.

तक्त्यात खाली-वर पाहिलं की तापमान किती बारकाईने घ्यायला हवं ते कळतं. एका अंशाला गुणक सुमारे ०.०००२८ ने बदलतो, २५ मिलीमध्ये ०.००७ मिली. तापमान ४ अंशांनी चुकलं तर सगळी मुभा त्यातच संपली, पिपेटचा काही दोष नसताना. म्हणून एसीच्या रिमोटवरचा आकडा किंवा भिंतीवरच्या घड्याळातलं तापमान चालणार नाही. ०.१ अंशाच्या खुणांचा थर्मामीटर, आणि तो पाण्यात.

पाणी आणि खोली

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड घ्या. नळाचं पाणी, ओपाचं असो की साळावलीचं, त्यात क्षार असतात आणि घनता किती बदलली ते आपल्याला ठाऊक नसतं. तक्ता शुद्ध पाण्याचा आहे. थेट डिस्टिलेशनच्या भांड्यातून आलेलं कोमट पाणीही घेऊ नका. मोठ्या बीकरमध्ये किंवा झाकणाच्या बाटलीत भरून ते बॅलन्सच्याच खोलीत निदान दोन तास, जमलं तर आदल्या संध्याकाळपासून ठेवा. पिपेट, तोलायचा फ्लास्क आणि थर्मामीटरही त्याच टेबलावर.

दोन तासांचं कारण साधं आहे. बाटली व्हरांड्यातून आत आणली, व्हरांडा ३० अंश आणि खोली २५, तर पाणी वरून खाली सारखं थंड होत नाही. थर्मामीटर वरचं तापमान सांगतो आणि पिपेट तळातलं पाणी ओढते. शिवाय गरम पाण्यावरून हवा वर चढते आणि बॅलन्सचा आकडा एका दिशेने सरकत राहतो. आकडा थांबत नसेल तर बॅलन्सवाल्याला फोन करण्याआधी पाण्याचं आणि खोलीचं तापमान ताडून पाहा.

मानकाप्रमाणे खोली १५ ते ३० अंशांमध्ये आणि काम चालू असताना १ अंशाच्या आत स्थिर हवी, आर्द्रता ३५ टक्क्यांच्या वर. आर्द्रतेची अट आपल्याकडे आपोआप पुरी होते. तापमानाची नाही: एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी पारा ३० च्या वर जातो, तेव्हा हे काम सकाळी उरकावं. पावसाळ्यात वेगळीच भानगड. वीज गेली की बॅलन्स यूपीएसवर चालू राहतो, एसी मात्र बंद पडतो. आकडे येत राहतात, तापमान चढत राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वीज गेली की थर्मामीटर पुन्हा पाहा. अर्ध्या अंशाहून जास्त हललं असेल तर ती फेरी सोडून द्या.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. दमट हवेचा दवबिंदू त्या दिवसांत २४-२५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशाच्या एसी खोलीतला फ्लास्क बाहेरच्या खोलीतल्या बॅलन्सकडे नेला तर त्यावर दव धरतं. डोळ्यांना नुसता काचेवरचा धूसरपणा दिसतो, बॅलन्सला मात्र तो लगेच कळतो. फ्लास्क तोलण्याआधी उजेडासमोर धरून पाहायची सवय लावावी. पंखा अर्थातच बंद.

पिपेट स्वच्छ आहे का?

हे न तपासता पुढे गेलात तर बाकीची सगळी मेहनत वाया. पिपेट पाण्याने भरा, सोडा आणि आतल्या भिंतीकडे पाहा. पाणी एकसंध पापुद्र्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. भिंतीवर थेंब मागे राहिले तर तिथे तेलकटपणा आहे. २५ मिलीच्या फुगीर भागात राहिलेले दोन-तीन थेंब मुभेपेक्षा जास्त होतात.

कोमट पाण्यात प्रयोगशाळेचं डिटर्जंट घालून पिपेट त्यात काही वेळ भिजवा, नळाच्या पाण्याने खूप वेळा धुवा, मग डिस्टिल्डने. जुन्या काळचं क्रोमिक आम्ल आता वापरू नये; क्रोमियम विषारी आहे आणि सांडपाण्यात सोडता येत नाही. 'Ex' पिपेट आतून वाळवायची गरज नाही, कारण तिच्या मापात ओला पापुद्रा गृहीतच आहे. वापरण्याआधी त्याच पाण्याने दोनदा खळबळून घेतली की झालं.

टोकही बघा. टवका उडालेल्या टोकातून पाणी वेगाने पडतं, भिंतीवर पापुद्रा जाड राहतो आणि माप कमी भरतं. अशी पिपेट कॅलिब्रेट करत बसू नये, बाजूला काढावी.

एक फेरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

तोलायला १०० मिलीचा बुचाचा कोनिकल फ्लास्क घ्या. तो आतून ओला असला तरी चालतो, कारण आपण फरक तोलतो. बाहेरून आणि बुचाच्या घासलेल्या काचेपाशी मात्र कोरडा हवा. उघड्या बोटांनी धरू नका. हातमोजे घाला किंवा कागदी पट्टीने पकडा. १ मिलिग्रॅमचा बॅलन्स या मापाला पुरतो, ०.१ मिलिग्रॅमचा असेल तर उत्तम. सुरुवातीला ओळखीचं वजन ठेवून बॅलन्स ताडून घ्या.

पाण्याचं तापमान वाचा आणि लिहा. बुचासकट फ्लास्क तोला: m1.

रबर बल्बने पिपेटमध्ये पाणी खुणेच्या सुमारे एक सेंटीमीटर वर ओढा. तोंडाने ओढू नका, ते पाणी असलं तरी. हाताला लागलेली सवय उद्या आम्लावरही चालते. टोक बाहेरून टिशूने पुसा. आता पिपेट उभी धरा, टोक एका वाया पाण्याच्या बीकरच्या तिरक्या भिंतीला टेकवा आणि पाणी हळूहळू खाली आणा. मेनिस्कसचा तळ खुणेच्या रेघेच्या वरच्या कडेला स्पर्श करेल तिथे थांबा. डोळा रेघेच्या पातळीवर हवा. एकरेघी पिपेटवरची रेघ नळीला पूर्ण वळसा घालते ती यासाठीच: पुढची आणि मागची रेघ एकावर एक दिसली की डोळा सरळ आहे. मेनिस्कसच्या जरा खाली नळीमागे काळा कागद धरला की तळ स्पष्ट दिसतो.

या क्षणाला घाई नको. नळीचा आतला व्यास ४ मिलीमीटर असेल तर उंचीतली १ मिलीमीटरची चूक ०.०१३ मिलीची होते, मुभेच्या जवळजवळ निम्मी.

फ्लास्कचं बूच काढा, फ्लास्क थोडा तिरका धरा, पिपेट उभी. टोक फ्लास्कच्या मानेखाली आतल्या भिंतीला टेकवून पाणी मोकळं सोडा. बोटाने किंवा बल्बने आवर घालू नका. पाणी टोकाशी येऊन थांबलं की सुमारे ३ सेकंद तसंच धरा. पिपेटवर थांबायची वेगळी वेळ छापलेली असेल तर ती पाळा. मग टोक भिंतीला टेकलेलंच ठेवून किंचित वर ओढून काढा. फुंकर नाही, झटका नाही. बूच लावा, तोला: m2. पाण्याचं तापमान पुन्हा वाचा.

फ्लास्क दर वेळी रिकामा करायची गरज नाही. दोन-तीन फेऱ्या एकावर एक घ्याव्या आणि आधीची m2 हीच पुढची m1 धरावी. त्यानंतर रिकामा करावा, तोंड पुसावं.

बाष्पीभवनाची काळजी किती करायची, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. पाणी असलेला फ्लास्क तोला, पिपेट सोडायला लागतो तेवढा वेळ बूच काढून ठेवा, पुन्हा तोला. अरुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये घट सहसा एक-दोन मिलिग्रॅमच्या आतच राहते. उघड्या बीकरमध्ये तोललंत तर आकडा डोळ्यांदेखत घसरताना दिसेल, विशेषतः एसीच्या कोरड्या हवेत.

एक उदाहरण आकड्यांसकट

ऑगस्टमधली सकाळ, एसी बंद, पाणी २८.० अंश, शेवटच्या फेरीनंतरही २८.०. पिपेटवर 'Ex २०°से.'. सहा फेऱ्यांचे वजनातले फरक ग्रॅममध्ये असे आले: २४.८७४१, २४.८६९५, २४.८७६२, २४.८३१८, २४.८७२०, २४.८७०७.

चौथा आकडा वेगळा दिसतो. पण वेगळा दिसतो म्हणून तो खोडायचा नाही. त्या फेरीत पिपेटच्या फुगीर भागात वरच्या बाजूला एक थेंब चिकटून राहिलेला दिसला होता आणि तशी टीप त्या ओळीसमोर त्याच वेळी लिहिलेली होती. म्हणून तो बाद केला. आकडा वहीत राहतो, त्यावर एक रेघ आणि शेजारी कारण. डोळ्यांना कारण दिसलं नसतं तर तो धरूनच सरासरी काढावी लागली असती आणि वर आणखी फेऱ्या घ्याव्या लागल्या असत्या. त्यानंतर पिपेट पुन्हा धुतली आणि मगच पाचवी, सहावी फेरी घेतली. खरं म्हणजे धुतल्यावर सगळ्या फेऱ्या नव्याने घेणं अधिक चोख. इथे आधीचे तीन आणि नंतरचे दोन आकडे एकमेकांना धरून आहेत म्हणून ते एकत्र ठेवले.

आता प्रत्येक आकड्याला १.००४७२ ने गुणा:

२४.८७४१ → २४.९९१५ मिली
२४.८६९५ → २४.९८६९
२४.८७६२ → २४.९९३६
२४.८७२० → २४.९८९४
२४.८७०७ → २४.९८८१

सरासरी २४.९९० मिली. २५ पासून फरक −०.०१० मिली, मुभा ±०.०३. पिपेट पास. पाच आकड्यांचं प्रमाण विचलन ०.००२७ मिली येतं, म्हणजे हातही स्थिर आहे. हा दुसरा आकडा नवख्यांनी पहिल्याइतकाच गंभीरपणे पाहावा. सरासरी छान २५.००० आली पण आकडे २४.९६ पासून २५.०४ पर्यंत विखुरलेले असतील, तर पिपेटबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. जे कळलं ते मेनिस्कस लावणाऱ्याबद्दल.

बाद केलेला आकडा २४.९४९ मिली येतो, एकट्या थेंबाने पिपेट नापास करणारा.

समजा, गुणक न लावता वजनांची सरासरी तशीच आकारमान म्हणून लिहिली असती: २४.८७३. फरक −०.१२७, मुभेच्या चौपट. नुसत्या घनतेने भागलं असतं आणि हवेची उचल विसरली असती तर २४.९६४ च्या आसपास (काचेची दुरुस्ती धरून) आकडा आला असता, तोही नापास. चांगली पिपेट कचऱ्यात गेली असती. चिन्हाची चूक पकडायची एक सोपी खूण: गोव्याच्या तापमानाला मिलीतला आकडा ग्रॅममधल्या आकड्यापेक्षा नेहमी मोठाच हवा. लहान आला तर कुठेतरी गुणायच्या जागी भागलंय.

वहीत पिपेटचा क्रमांक, काचेवरचं तापमान, पाण्याचं आधीचं आणि नंतरचं तापमान, हवेची धरलेली घनता, प्रत्येक m1 आणि m2, आणि बॅलन्सचा क्रमांक लिहा. नुसती सरासरी लिहिली तर सहा महिन्यांनी कुणाला ती पडताळता येत नाही.

२४.९९० हे २० अंशाचं माप आहे. २८ अंशाच्या खोलीत तीच पिपेट २४.९९२ मिली देते; काचेमुळे पडणारा फरक एवढाच. द्रावणाचं मात्र तसं नाही. पातळ जलीय द्रावण पाण्यासारखंच फुगतं, २८ च्या आसपास दर अंशाला ०.०३ टक्के. २४ अंशाच्या एसी खोलीत बनवलेलं प्रमाणित द्रावण ३० अंशाच्या खोलीत नेऊन टायट्रेट केलं तर त्याची संहती सुमारे ०.१७ टक्क्याने घटलेली असते, आणि आपल्या पिपेटची −०.०१० ची चूक आहे ०.०४ टक्के. पिपेट कितीही बारकाईने तपासली तरी ही चूक तिच्यात सापडणार नाही.

फ्लास्क आणि ब्युरेट

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कला तेच सूत्र, तोच तक्ता. फरक एवढाच की तो 'In' असतो, म्हणून आधी आतून पूर्ण कोरडा हवा. कोरडा तोला, खुणेपर्यंत भरा, पुन्हा तोला. खुणेच्या वर मानेत चिकटलेले थेंब गुंडाळलेल्या फिल्टर पेपरने टिपून घ्या. ते मापात नसतात पण वजनात येतात. भरताना भिंतीला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून सोडवा. मोठ्या फ्लास्कला बॅलन्सची कुवत आधी पाहा. २५० मिलीचा भरलेला फ्लास्क २०० ग्रॅमच्या ॲनालिटिकल बॅलन्सवर ठेवता येत नाही. तो ०.०१ ग्रॅमच्या मोठ्या बॅलन्सवर तोला. क्लास ए च्या २५० मिली फ्लास्कला मुभा ±०.१५ मिली असल्यामुळे १० मिलिग्रॅमची अचूकता तिथे पुरते.

ब्युरेट 'Ex' असते, पण तिला एका मापाने भागत नाही. ५० मिलीच्या ब्युरेटला शून्यापासून १०, २०, ३०, ४० आणि ५० पर्यंत वेगवेगळं सोडून तोला, दर वेळी शून्यापर्यंत पुन्हा भरून. नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ५० ला बरोबर असलेली ब्युरेट २० ला चुकलेली असू शकते. सुरुवात करण्याआधी तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा नाही ना, आणि भरून ठेवल्यावर तोटी गळत नाही ना, हे पाहा. पाच मिनिटं तशीच ठेवून मेनिस्कस हलला तर तोटी आधी दुरुस्त करा, मग तोला.